गोळी घशाखाली उतरली, पण पोटात पोहोचली का?

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेले की नदीकाठच्या वस्त्यांत आणि प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत पुढचे काही आठवडे कसे जातात, हे 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. पाणी ओसरते आणि घरात गाळ उरतो. तो गाळ उपसताना पायांच्या भेगांतून आणि खरचटलेल्या जागांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात जाऊ शकतात, म्हणून अशा वेळी डॉक्सीसायक्लिन हे औषध प्रतिबंधासाठी दिले जाते. प्रौढ माणसाला बहुधा 200 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, आणि पुराच्या पाण्याशी संबंध येतच राहिला तर आठवड्यातून एकदा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी हे औषध नव्हे, पण इतरांसाठी ते स्वस्त आणि उपयुक्त आहे. मात्र चुकीच्या पद्धतीने गिळल्यास अन्ननलिका भाजून काढणाऱ्या औषधांच्या यादीत जगभर सर्वांत वर नाव येते तेही याच औषधाचे.

पुरानंतरच्या दिवसांत फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या अशा रुग्णांच्या हकिकती एकमेकींशी इतक्या जुळतात की त्यांतून एक चित्र उभे करता येते. समजा, सव्वीस वर्षांचा एक धट्टाकट्टा तरुण आहे. त्याने दिवसभर गोठ्यातला गाळ काढला, रात्री साडेदहाला जेवला, आणि अंथरुणावर बसल्यावर आठवण झाली म्हणून दोन्ही कॅप्सूल एकदम तोंडात टाकून तांब्यातल्या पाण्याचा एक घोट घेतला. पाच मिनिटांत तो झोपी गेला. पहाटे तीनच्या सुमारास छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखी आग होऊन तो उठला, आणि आवंढा गिळायला गेला तर कळ थेट पाठीत गेली. घरच्यांनी पित्त झाले असे ठरवून थंड दूध दिले, त्याने क्षणभर बरे वाटले. सकाळी चहाचा पहिला गरम घोट छातीत उतरताच तो कळवळला आणि त्याने कप खाली ठेवला. दवाखान्यात आल्यावर त्याचे पहिले वाक्य असे असते : “डॉक्टर, गोळी अजून हितंच अडकलीय बघा,” आणि बोट उरोस्थीच्या मध्यावर टेकलेले असते.

या वाक्यात एक गैरसमज आहे, पण त्या बोटाची जागा जवळजवळ अचूक आहे. दोन्ही गोष्टी समजण्यासाठी अन्ननलिका कशी असते ते पाहावे लागेल.

घशापासून जठरापर्यंत जाणारी ही नळी प्रौढ माणसात साधारण 25 सेंटिमीटर लांब असते. नळी म्हटले की डोळ्यांपुढे पाण्याचा पाइप येतो, आणि त्यात वरून टाकलेली वस्तू आपोआप खाली पडणार असे आपण गृहीत धरतो. श्वासनलिका तशी आहे, कारण तिला कूर्चेच्या कड्या असून ती सदैव उघडी राहते. अन्ननलिका मात्र स्नायूंची असते आणि रिकामी असताना तिच्या भिंती रिकाम्या कापडी पिशवीसारख्या एकमेकींना टेकून असतात. घास गिळला की वरच्या टोकाला आकुंचनाची एक लाट सुरू होते आणि ती घासाला पुढे ढकलत आठ-दहा सेकंदांत जठराच्या दारापर्यंत नेते. ही लाट चांगल्या मऊ, ओलसर, जाडसर घासाला नीट पकडते. कोरडी, छोटी, हलकी गोळी तिच्या हातून निसटते, लाट वरून निघून जाते आणि गोळी मागे राहते. गोळीसोबतचे पाणी केवळ घसा ओला करण्यासाठी नसते. ते गोळीचे वाहन असते. एका घोटाचे वाहन वाटेतच संपते.

गोळी थांबते ती बहुधा ठरावीक जागी. हृदयातून निघालेली महाधमनी कमानीसारखी वळून मागे जाते, तेथे ती आणि डाव्या फुप्फुसाकडे जाणारी श्वासनलिकेची फांदी मिळून अन्ननलिकेला बाजूने किंचित दाबतात. निरोगी माणसातही हा दाब असतोच, आणि तो छातीच्या वरच्या-मधल्या भागात येतो. अन्ननलिका जठराला मिळते त्या खालच्या दाराशीही गोळ्या थांबतात, पण कमी वेळा. ज्यांच्या हृदयाचा डावा वरचा कप्पा जुन्या झडपेच्या आजारामुळे मोठा झालेला असतो, त्यांच्यात तो कप्पाही मागून अन्ननलिकेवर रेलतो, आणि दुर्दैवाने अशाच रुग्णांना पोटॅशियमच्या गोळ्या दिल्या जातात. पोटॅशियमच्या गोळीने अन्ननलिकेला व्रण झाल्याचे 1970 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले, आणि तेव्हापासून गोळ्यांमुळे होणाऱ्या या इजेचा स्वतंत्र विचार सुरू झाला.

कॅप्सूलची आणखी एक खोड आहे. तिचे कवच जिलेटिनचे असते. कोरडे असताना ते गुळगुळीत असते, पण थोडेच ओले झाले की चिकट होते, अगदी ओलसर पापड टाळूला चिकटून बसावा तसे. भरपूर पाण्यात ती घसरून निघून जाते. अर्धवट ओल्या अन्ननलिकेत मात्र ती भिंतीला चिकटते आणि तिथेच विरघळते. डॉक्सीसायक्लिनच्या बाबतीत खरा घात येथे होतो, कारण कॅप्सूलमध्ये सहसा वापरला जाणारा या औषधाचा क्षार थोड्या पाण्यात विरघळला की त्या द्रावाची आम्लता लिंबाच्या रसाच्या जवळपास जाते. लिंबू सरबताने अन्ननलिका भाजत नाही हे खरे, पण सरबत पातळ असते, काही सेकंदांत पुढे जाते आणि मागोमाग गिळलेली लाळ उरलेसुरले धुऊन टाकते. येथे तितकेच आंबट आणि घट्ट द्रावण नखाएवढ्या एकाच जागेवर तासन्‌तास बसून राहते. जठराच्या अस्तराला आम्लापासून वाचवणारा श्लेष्माचा जाड थर असतो. अन्ननलिकेला तशी सोय नाही.

आता झोपेचा भाग. जागेपणी आपण नकळत दर मिनिट-दोन मिनिटांनी आवंढा गिळत असतो, लाळेत आम्ल मारणारा बायकार्बोनेट असतो, आणि प्रत्येक आवंढ्यासोबत एक लाट खाली जाते. गाढ झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि आवंढे तासाला मोजके उरतात. आडवे झाल्याने गुरुत्वाकर्षणाची मदतही सुटते. त्यामुळे साडेदहाला चिकटलेल्या कॅप्सूलला पहाटेपर्यंत हलवणारे काहीच नसते. आपल्या उदाहरणातल्या तरुणाने तर दोन कॅप्सूल एकत्र घेतल्या होत्या.

म्हणजे त्याच्या वाक्यातला गैरसमज हा की गोळी अजून तिथे आहे. सकाळपर्यंत कॅप्सूल बहुधा कधीच विरघळून गेलेली असते, आणि जी जाणवते ती तिने मागे सोडलेली जखम असते. अशा रुग्णाची दुर्बिणीतून तपासणी केली, तर गोळी क्वचितच सापडते. सापडतो तो काठ स्पष्ट असलेला उथळ व्रण, आणि बऱ्याचदा समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर एकेक, कारण गोळी दोन भिंतींच्या मध्ये दाबली गेलेली असते. याची उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे : गोळी वाटेत थांबली तरी पुष्कळांना ते कळतच नाही. काही जाणवले नाही, म्हणजे गोळी पोटात गेली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

हे दुखणे नेहमीच्या पित्तापेक्षा वेगळे कसे ओळखायचे? पित्ताची, म्हणजे आम्ल वर येण्याची जळजळ बहुधा जेवणानंतर, वाकल्यावर, आडवे झाल्यावर वाढते, आंबट ढेकर येतात, आणि ती महिनोन्‌महिने कमीजास्त चालू असते. गोळीमुळे झालेले दुखणे अचानक येते. कालपर्यंत काहीच नव्हते आणि आज गिळताना कळ येते, तीही तिखटाने किंवा तेलकटाने नव्हे तर साध्या पाण्याने आणि स्वतःच्या लाळेने. जागा एकच असते, बोट ठेवून दाखवता येते. आणि मागच्या काही तासांत किंवा दिवसांत एखादी गोळी, बहुधा रात्री आणि थोड्या पाण्याबरोबर, घेतलेली असते. ही शेवटची माहिती रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण औषधानेच दुखणे आले असेल अशी शंका त्याला येत नाही. डॉक्टरांनी विचारले नाही, तर आपण सांगावे : कोणती गोळी, किती वाजता, किती पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किती वेळाने आडवे झालो.

पण त्याआधी एक गोष्ट टाळता येणार नाही. छातीत दुखते आहे आणि कारण गोळीच आहे, हे घरबसल्या ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. छातीवर ओझे ठेवल्यासारखा दाब, घाम फुटणे, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, धाप लागणे, चालल्याने वाढणे यांपैकी काहीही असेल, किंवा रुग्णाला मधुमेह असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, तर आधी ईसीजी. 108 ला फोन करावा, नाहीतर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जावे. गोळीचा विचार त्यानंतर. आपल्या तरुणाचाही ईसीजी काढायला हवा, आणि तो सामान्य आल्यावरच पुढची चर्चा सुरू होते. दुसरी घाईची लक्षणे म्हणजे रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, ताप आणि वाढत जाणारे तीव्र दुखणे, आणि स्वतःची लाळही खाली न जाता तोंडातून गळू लागणे. यांत दुर्बिणीची तपासणी थांबवून ठेवता येत नाही. (लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचे शौच तसेही काळे होते, तेव्हा ते घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे, नाहीतर दोघांचीही धावपळ होते.)

यांतले काहीच नसेल, वय तरुण असेल आणि हकिकत इतकी स्पष्ट असेल, तर लगेच दुर्बीण घालण्याची गरज बहुधा पडत नाही. उपचाराचा गाभा एकच असतो, तो म्हणजे जखम करणारे औषध थांबवणे किंवा त्याचे रूप बदलणे. जोडीला आम्ल कमी करणारी गोळी काही दिवस देतात आणि व्रणावर लेप धरणारे सुक्रालफेट पातळ स्वरूपात देतात. कळ फार असेल तर जीभ-घसा बधिर करणारा जेलही जेवणापूर्वी दिला जातो. पहिले दोन-तीन दिवस त्रास बराच राहतो, मग तो उतरत जातो, आणि बहुतेकांची जखम एक ते दोन आठवड्यांत भरते. एवढे दिवस मऊ भात, गार झालेली पेज, ताक, केळे असे खावे. चहा कोमट करून प्यावा, आणि तांबडा रस्सा व मिसळ यांना आठवडाभर तरी सुट्टी द्यावी, हे कोल्हापुरात सांगणे सोपे नाही. आठवड्याने उतार पडला नाही, किंवा भाकरीचा घास अडकू लागला, तर दुर्बीण तपासणी करून घ्यावी, कारण खोल व्रण भरताना अन्ननलिका तिथे अरुंद होऊ शकते.

मात्र औषध थांबवणे हा निर्णय सरसकट आपल्या हातात घेऊ नये. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने गिळताना दुखते म्हणून ॲस्पिरिन परस्पर बंद केली, तर अन्ननलिकेच्या व्रणापेक्षा कितीतरी मोठे संकट ओढवू शकते. त्याने त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

डॉक्सीसायक्लिनशिवाय ही इजा करणारी औषधे घराघरांत असतात : दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, लोहाच्या गोळ्या, पोटॅशियम, काही प्रतिजैविके, क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या. यांतल्या एका औषधाबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण ते घेणाऱ्या बहुतेक स्त्रिया साठीच्या पुढच्या असतात. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची 70 मिलिग्रॅमची ॲलेन्ड्रोनेट ही गोळी अन्ननलिकेत थांबली तर वाईट व्रण करते, आणि 1996 मध्ये अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्यानंतर तिच्यासोबतच्या सूचना अधिक कडक झाल्या. ती सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर, मोठा पेलाभर म्हणजे 180 ते 240 मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यायची, आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही, चहाही नाही. चहा-दुधाने गोळी शोषली जात नाही, त्यामुळे तो नियम औषध लागू पडावे म्हणून आहे. आडवे न होण्याचा नियम अन्ननलिकेसाठी. ज्या आजींना रोज सकाळी रंकाळ्यावर फेरी मारायची सवय आहे, त्यांच्यासाठी याहून सोयीचे वेळापत्रक नाही : गोळी घ्यावी, चप्पल घालावी आणि परतल्यावर चहा घ्यावा. ज्यांना पाठीच्या त्रासामुळे अर्धा तास बसताच येत नाही, किंवा ज्यांना आधीपासून घास अडकतो, त्यांनी ही गोळी घेऊच नये. त्यांच्यासाठी शिरेतून द्यायची औषधे आहेत.

आता गोळी गिळायची कशी. आपल्याकडे गोळी गिळणे हे कोणी शिकवत नाही. घरातल्या मोठ्यांना पाहून मूल शिकते, आणि घरातले मोठे बहुधा मान मागे टाकून, गोळी घशाच्या तोंडाशी फेकून, वर घोटभर पाणी घेतात. यातली प्रत्येक गोष्ट थोडी-थोडी चुकीची आहे.

आधी पाणी. गोळी तोंडात टाकण्यापूर्वी एक-दोन घोट पाणी प्यावे, म्हणजे तोंड, घसा आणि अन्ननलिका ओली होते. हे वृद्धांसाठी विशेष महत्त्वाचे आहे, कारण वयाने आणि अनेक औषधांनी लाळ कमी झालेली असते. मग गोळी जिभेवर ठेवून मोठा घोट घ्यावा आणि गिळावी, आणि त्यानंतर उरलेले पाणी पिऊन टाकावे. सगळे मिळून एक पेला भरेल इतके. घरातले फुलपात्र किती पाणी धरते ते एकदा दुधाच्या मापाने मोजून पाहावे. ते काठोकाठ भरून पुरे रिकामे केले की बहुतेक वेळा काम होते. 1982 मध्ये निरोगी स्वयंसेवकांना वेगवेगळ्या आकाराच्या गोळ्या आणि कॅप्सूल देऊन क्ष-किरणांखाली त्यांचा प्रवास पाहिला गेला, तेव्हा संशोधकांचा सल्ला होता की किमान 100 मिलिलिटर पाणी प्यावे आणि त्यानंतर दीड मिनिट तरी उभे राहावे. साध्या गोळीसाठी हे किमान समजावे. डॉक्सीसायक्लिन, ॲलेन्ड्रोनेट, पोटॅशियम, लोह आणि दुखण्याच्या गोळ्या यांच्यासाठी पूर्ण पेला आणि अर्धा तास ताठ बसणे, हा हिशेब मी धरतो, कारण गोळी जराशी रेंगाळली तरी तेवढ्या वेळात आणखी काही आवंढे तिला पुढे नेतात.

पाणी उभे राहून पिऊ नये असे मानणाऱ्यांना येथे अडचण नाही. पाठ ताठ ठेवून बसले तरी तेच साधते. चालणार नाही ते उशीला रेलून, कोपरावर टेकून घेणे. आजारी माणसाला गोळी देताना आपण त्याला अर्धवट उठवतो आणि गोळी जाताच परत निजवतो, आणि दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णालाही पुष्कळदा असेच होते. त्याला पूर्ण बसवावे, आणि पलंगाचे डोके काही वेळ वरच ठेवावे.

मान मागे टाकण्याची सवय कॅप्सूलसाठी उलटी पडते. कॅप्सूल पाण्यापेक्षा हलकी असल्याने तोंडातल्या पाण्यावर तरंगते. मान मागे टाकली की पाणी घशाकडे जाते आणि कॅप्सूल तरंगत दातांकडे येते, मग ती एकटीच, पाणी निघून गेल्यावर, मागे जाते. हनुवटी छातीकडे नेली तर तीच कॅप्सूल तरंगत घशाच्या दिशेने जाते. म्हणून कॅप्सूल जिभेवर ठेवावी, मध्यम घोट पाणी तोंडात घ्यावे, न गिळता हनुवटी खाली करावी, आणि तशाच स्थितीत गिळावे. पहिल्यांदा विचित्र वाटते, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी सवय होते. जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथील संशोधकांनी 2014 मध्ये ही पद्धत आणि गोळ्यांसाठीची आणखी एक पद्धत तपासली, आणि दोन्हींनी बहुतेकांना गिळणे सोपे झाले. गोळीसाठीची ती पद्धत अशी : मऊ प्लास्टिकची बाटली पाण्याने भरावी, गोळी जिभेवर ठेवावी, ओठ बाटलीच्या तोंडाभोवती घट्ट मिटावेत, आणि बाटलीत हवा शिरू न देता पाणी ओढून घेत लगेच गिळावे. गिळताना बाटली आत चेपली गेली, की जमले असे समजावे. जाड काचेच्या किंवा स्टीलच्या बाटलीने हे होत नाही.

अर्धांगवायू झालेल्या, पाणी पितानाही ठसका लागणाऱ्या माणसासाठी मात्र या युक्त्या नाहीत. त्याच्या बाबतीत धोका अन्ननलिकेपेक्षा श्वासनलिकेला असतो. औषध पातळ स्वरूपात मिळते का, की आधी गिळण्याची तपासणी हवी, हे डॉक्टरांना विचारावे. ज्यांना हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे दिवसाचे पाणी मोजून प्यायचे आहे, त्यांनी गोळ्यांसोबतचे पाणी त्या मापातूनच धरावे. अशा वेळी दिवसभराचे पाणी इतर वेळी कमी करावे, पण गोळीबरोबरचे नको.

चार-पाच गोळ्या एका मुठीत घेऊन तोंडात टाकण्याची पद्धत सोडावी. एकेक गोळी, तिच्यासोबत पाणी, आणि मग पुढची. वेळ दोन मिनिटे जास्त जातो.

गोळी मोठी वाटली म्हणून तिचा चुरा करणे, किंवा कॅप्सूल उघडून पावडर पाण्यात ढवळणे, हा उपाय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरे असलेली गोळी दिवसभर हळूहळू औषध सोडण्यासाठी बनवलेली असते. ती फोडली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. काही गोळ्यांवरचे आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून किंवा जठराला औषधापासून वाचवण्यासाठी असते. ज्या गोळीच्या मधोमध खाच असते ती सहसा तोडता येते, तरीही औषध दुकानदाराला एकदा विचारलेले बरे. पुष्कळदा तेच औषध सिरप, विरघळणारी गोळी किंवा छोट्या आकारात मिळते, आणि आपण विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

दुकानातला विषय निघालाच आहे तर आणखी एक. पट्टीतून मोजक्या गोळ्या हव्या असतात तेव्हा पट्टी कात्रीने कापून एकेक चौकोन हातात दिला जातो. दृष्टी अधू झालेले वृद्ध कधी कधी तो चौकोन वेष्टणासकटच गिळतात, आणि त्याचे धारदार कोपरे अन्ननलिकेला छेदू शकतात. घरात वृद्ध असतील तर त्यांच्या गोळ्या वेष्टणातून काढूनच डबीत ठेवाव्यात.

गोळी अडकल्याची जाणीव त्या क्षणीच झाली तर घाबरून बोटे घालून उलटी काढू नये. ताठ बसावे आणि घोट-घोट करून पेलाभर पाणी प्यावे. पाणी उतरत असेल तर पिकलेल्या केळ्याचा नीट चावलेला एखादा घास घ्यावा. मऊ घासाला लाट नीट पकडते आणि तो गोळीला सोबत घेऊन जातो. भाकरीचा कोरडा तुकडा किंवा भाताचा मोठा गोळा गिळण्याचा घरगुती उपाय टाळावा, कारण मग अडकलेल्या दोन वस्तू होतात. पाणीच परत वर येत असेल तर वाट पाहू नये. आणि गोळी गिळताना खोकल्याची उबळ येऊन श्वास घुसमटला, बोलता येईना, तर गोळी अन्ननलिकेत नसून श्वासाच्या वाटेत आहे. अशा वेळी पाणी पाजू नये, माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात थापट्या माराव्यात आणि 108 ला फोन करावा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘झोपताना’ असे लिहिलेले असते, आणि रुग्ण त्याचा अर्थ शब्दशः घेतो. आम्हा लिहिणाऱ्यांच्या मनात बहुधा ‘रात्री’ एवढेच असते. म्हणून रात्रीची गोळी जेवण झाल्यावर, भांडी आवरण्यापूर्वी घ्यावी. अंथरूण घालायच्या वेळी ती घेऊन अर्धा तास होऊन गेलेला असतो. डॉक्सीसायक्लिन तर खाल्ल्यावर घेतलेली अधिक सोसते. फक्त लोहाची गोळी आणि आम्लपित्तावरचे पांढरे औषध तिच्यापासून दोन-तीन तास दूर ठेवावे, कारण ती एकमेकांना बांधून ठेवतात आणि औषध अंगात कमी लागते.

आपल्या उदाहरणातल्या तरुणाला आठवडा झाला तेव्हा गरम चहाला अजून किंचित कळ येत होती, म्हणून त्या आठवड्याची मात्रा दिली नाही. गोठ्यात जाताना गमबूट घालायचे, पायावरच्या जखमा झाकायच्या, आणि ताप किंवा अंगदुखी आली तर त्याच दिवशी यायचे, एवढे ठरले. त्यानंतरच्या आठवड्यात गिळताना काहीच दुखेना, आणि गाळाचे काम अजून संपले नव्हते. तेव्हा सकाळी न्याहारी झाल्यावर स्वयंपाकघरात पाटावर ताठ बसून, आधी दोन घोट पाणी, मग हनुवटी खाली करून एक कॅप्सूल आणि मोठे फुलपात्रभर पाणी, आणि पंधरा मिनिटांनी तशीच दुसरी, अशी त्याने ती घेतली, आणि पाटावरून उठून तो थेट गोठ्याकडे गेला.